इंटरव्ह्यूच्या स्लॉटचा एक मेल, आणि त्यात हरवलेला एक तास : प्रकरण अभ्यास

मी पुण्यात एका ऑटो पार्ट्स बनवणाऱ्या कंपनीत भरतीचं काम बघते. प्लांट चाकणला, आणि काही पोस्टसाठी पॅनेलवर जर्मनीच्या ऑफिसातला एक माणूस असतो. हे प्रकरण मार्च-एप्रिल २०२५ मधलं आहे. कंपनी आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं दिलेली नाहीत. घोळ दोन झाले आणि दोन्ही माझ्याच हातून झाले, हे आधीच सांगून टाकते.

## पार्श्वभूमी

क्वालिटी इंजिनियरची एक जागा होती, अनुभव चार ते सहा वर्षं. कँडिडेट छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजच्या एका कारखान्यात कामाला होता, रेझ्युमे चांगला होता, कस्टमर कंप्लेंट्स स्वतः हाताळलेल्या, मोजमापाचं काम पक्कं. आमच्या प्लांटच्या क्वालिटी हेडना तो कागदावरच आवडला होता, "याला लवकर बघू" एवढंच त्यांनी मला सांगितलं.

पहिला राउंड व्हिडिओवर, पॅनेलवर क्वालिटी हेड आणि जर्मनीतला एक जण. दुसरा राउंड चाकणला प्रत्यक्ष प्लांटमध्ये. माझं काम एवढंच, की चौघांना सोयीची वेळ काढायची आणि मेल टाकायचा. चौथी मी.

## पहिला मेल

सोमवारी २४ मार्चला संध्याकाळी ५:४० ला मी आमचा नेहमीचा साचा काढला, नाव बदललं आणि पाठवला. मेल इंग्रजीत होता, त्याचा मतलब साधारण असा:

> आपली प्रोफाइल शॉर्टलिस्ट झाली आहे. उद्या किंवा परवा १० ते ६ मध्ये आपली उपलब्धता आज रात्री ८ पर्यंत कळवा. सोबत आधार (दोन्ही बाजू), पॅन, दहावीपासूनच्या सगळ्या मार्कशीट, तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, अपॉइंटमेंट लेटर आणि फोटो पाठवा. इंटरव्ह्यू ऑनलाइन होईल.

खाली माझं नाव, पदनाम आणि ऑफिसचा बोर्ड नंबर. पाठवणाऱ्याचा पत्ता आमच्या भरतीच्या सॉफ्टवेअरचा, म्हणजे @ च्या पुढे आमच्या कंपनीचं नावच नाही.

तेव्हा मला यात काहीच वावगं दिसलं नव्हतं, वर्षानुवर्षं हाच मेल जात होता. उत्तर आलं नाही. मंगळवारी ४:१० ला बोर्डवरून फोन केला, उचलला नाही. बुधवारी चारला परत केला, तेच. मी शीटमध्ये "रिस्पॉन्स नाही" लिहून पुढच्या माणसाकडे वळणार होते.

## अडचण नक्की कुठे होती

बुधवारी त्या फोननंतर चहा घेताना मी प्लांटच्या एचआरमधल्या मैत्रिणीला सहज म्हणाले, की हा वाळूजचा पोरगा फोनच घेत नाही. ती म्हणाली, "अगं सेकंड शिफ्टला असेल, फोन लॉकरमध्ये असतो त्यांचा. साडेतीन ते बारा. तू चार वाजता करतेस, कसा उचलेल?"

आमच्याच प्लांटमध्ये शॉपफ्लोअरवर मोबाईल चालत नाही हे मला माहिती होतं, पण मी पुण्याच्या ऑफिसात बसते आणि माझ्या डोक्यात दहा ते सहाचा दिवस फिट बसलेला.

त्या संध्याकाळी मी माझ्या मोबाईलवरून त्याला व्हॉट्सअ‍ॅप केलं, की मी कोण, कुठल्या पोस्टबद्दल, आणि उद्या सकाळी ११ ला दहा मिनिटं बोलू का. रात्री १२:२० ला उत्तर आलं, "हो मॅडम चालेल, आताच सुटलो."

गुरुवारी बोललो तेव्हा कळलं ते असं. मेल त्याने सोमवारी रात्री सव्वाबाराला, बसमध्ये वाचला. त्यात रात्री ८ पर्यंत कळवा होतं, म्हणजे मुदत चार तासांपूर्वीच संपलेली, त्याला वाटलं गेली संधी. आणि दुसरं, जे मला जास्त लागलं, त्याला तो मेल खोटा वाटला. पत्ता कंपनीचा नाही, इंटरव्ह्यूच्या आधीच बँक स्टेटमेंट मागतायत, घाई पण करतायत, आणि बोर्ड नंबर त्याच्या मोबाईलवरच्या कॉलर-आयडी अ‍ॅपवर लाल रंगात दिसत होता. त्याच्या रूममेटचे वर्षभरापूर्वी अशाच एका "सिलेक्शन"च्या मेलमध्ये रजिस्ट्रेशन फी म्हणून पैसे गेले होते. तो म्हणाला, "मॅडम, खरं सांगू का, तुमचा मेल त्याला दाखवला तर तो म्हणाला डिट्टो हाच."

यावर काय बोलणार. खोटे मेल लिहिणारे आमच्यासारखं लिहायला शिकले म्हणावं, तर आमचा मेलच त्यांच्या जवळ जाऊन बसला होता.

## समोरचे पर्याय

गुरुवारी दुपारी माझ्यापुढे चार वाटा होत्या.

सोपी वाट म्हणजे त्याला सोडून यादीतल्या दुसऱ्याला घेणं. क्वालिटी हेडना चाललं असतं, पण दुसरा माणूस कच्चा होता आणि चूक आमची असताना याला का सोडायचं.

दुसरी वाट, व्हॉट्सअ‍ॅपवरच विचारत बसायचं, तुम्हाला कधी जमेल, बरं सरांना विचारते, सरांना नाही जमत, मग अजून कधी. हे मी खूप वेळा केलेलं आहे. तीन कॅलेंडरांच्या मध्ये मी पोस्टमन होते आणि चार दिवस जातात.

तिसरी, स्वतः स्लॉट निवडायची लिंक पाठवायची. ऑफिसातल्या माणसांसाठी ही मस्त असते. पण लिंक उघडते ती पॅनेलच्या कॅलेंडरमधल्या मोकळ्या जागा दाखवते, आणि आमच्या क्वालिटी हेडचं कॅलेंडर कायम मोकळं दिसतं कारण ते दिवसभर लाईनवर असतात आणि कॅलेंडरमध्ये काही टाकतच नाहीत. शिवाय ज्या माणसाला आमचा मेलच खोटा वाटलाय त्याला अजून एक लिंक पाठवून "यावर क्लिक करा" म्हणायचं, ते काही मला पटेना.

चौथी, तीन स्लॉट आधी पॅनेलकडून पक्के अडवून घ्यायचे आणि मगच मेल टाकायचा. मी ही धरली. यात अडचण क्वालिटी हेडची, मार्च एंडचा आठवडा, स्टॉक मोजणी चालू, ते म्हणाले, "एका माणसासाठी माझे तीन पाऊण-पाऊण तास अडवतेस?" मी सांगितलं की शनिवारी सकाळी ११ पर्यंतच अडवते, तो एक निवडेल, उरलेले दोन त्याच क्षणी सोडते. दोन दिवसांचाच प्रश्न आहे म्हटल्यावर ते तयार झाले. स्लॉट अडवायचे तर किती वेळासाठी हे सांगितलं की माणसं देतात, मोघम मागितलं की देत नाहीत.

कोणते तीन, हे मात्र कँडिडेटच्या शिफ्टवरून ठरवलं. पुढच्या आठवड्यात त्याची पहिली शिफ्ट होती, सात ते साडेतीन, आणि साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी. म्हणजे मंगळवार-बुधवार संध्याकाळ आणि शुक्रवार दुपार. जर्मनीतून त्यांनी त्यांच्या वेळेने दिलं, मंगळवारी १, बुधवारी १, शुक्रवारी सकाळी १०. मी नेहमीप्रमाणे साडेचार तास मिळवले आणि लिहिलं. ही ओळ लक्षात ठेवा.

## दुसरा मेल

२७ मार्चला दुपारी गेलेला मेल, मराठीत:

> विषय: क्वालिटी इंजिनियर, चाकण – पहिल्या राउंडसाठी ३ वेळा, उत्तर शनिवार २९ मार्च सकाळी ११ पर्यंत
>
> सकाळी फोनवर बोलल्याप्रमाणे खालच्या तीन वेळा तुमच्यासाठी राखून ठेवल्या आहेत. सगळ्या भारतीय वेळेनुसार.
> १) मंगळवार १ एप्रिल, संध्याकाळी ५:३०
> २) बुधवार २ एप्रिल, संध्याकाळी ५:३०
> ३) शुक्रवार ४ एप्रिल, दुपारी २:३०
> उत्तरात फक्त आकडा लिहिला तरी चालेल. तिन्ही जमत नसतील तर तसं लिहा, आपण दुसरी वेळ काढू.
>
> स्वरूप: व्हिडिओ कॉल, ४५ मिनिटं. पॅनेलवर दोघं, आमच्या प्लांटचे क्वालिटी हेड आणि जर्मनीच्या टीममधले एक सहकारी, त्यामुळे बोलणं इंग्रजीत. सुरुवातीला तुमच्या कामाबद्दल, मग साधारण २५ मिनिटं स्क्रीनवर एक ड्रॉइंग दाखवून प्रश्न आणि तुम्ही हाताळलेली एक कस्टमर कंप्लेंट, शेवटची १० मिनिटं तुमच्या प्रश्नांसाठी. ड्रॉइंग मोबाईलवर नीट दिसत नाही, जमल्यास लॅपटॉप वापरा.
>
> कागदपत्रं: आत्ता काही पाठवू नका. कॉलच्या सुरुवातीला फोटो असलेलं एक सरकारी ओळखपत्र कॅमेऱ्यासमोर दाखवा. बाकी कागद ऑफर ठरली तर त्या वेळी. आमची कंपनी भरतीच्या कुठल्याही टप्प्यावर पैसे घेत नाही.
>
> संपर्क: माझा मोबाईल (कॉल किंवा व्हॉट्सअ‍ॅप, रात्री मेसेज टाकलात तरी चालेल, सकाळी बघते). मी नसेन तर माझ्या सहकाऱ्याचा नंबर खाली आहे. खात्री करायची असेल तर कंपनीच्या वेबसाइटवरच्या बोर्ड नंबरवर फोन करून माझं नाव विचारा.

हा मेल मी सॉफ्टवेअरमधून न टाकता माझ्या कंपनीच्या पत्त्यावरून टाकला.

यातल्या दोन-तीन गोष्टींवर बोलायला हवं. मुदत मी आधी "शुक्रवार रात्री १२" लिहिली होती, मग खोडली. रात्री १२ म्हणजे शुक्रवार सुरू होतानाचे की संपतानाचे, यावर घरात पण भांडणं होतात. आणि त्याची शिफ्ट बाराला सुटते, म्हणजे परत तोच प्रकार झाला असता. शनिवार सकाळी ११ मध्ये कुणालाच शंका नाही.

कागदपत्रांचं विचाराल तर पहिल्या मेलमधली यादी ऑफरच्या वेळची होती, कुणीतरी कधीतरी "एकदाच मागून घेऊ" म्हणून पुढे ओढली आणि ती तिथेच राहिली. पहिल्या राउंडला सॅलरी स्लिपचा उपयोग शून्य आहे, पॅनेल ती बघत पण नाही. उलट ज्यांना आपण घेणारच नाही अशा कितीतरी लोकांची आधार आणि बँक स्टेटमेंट आमच्या मेलबॉक्समध्ये पडून राहतात, आणि ती सांभाळायची जबाबदारी आमची. पुढे जिथे आधारची प्रत लागते तिथेही आता मी मास्क्ड आधार मागते, ज्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात आणि शेवटचे चारच दिसतात, ते आधारला मोबाईल नंबर जोडलेला असेल तर ज्याचं त्याला यूआयडीएआयच्या साइटवरून काढता येतं.

लॅपटॉपची एक ओळ मी सहज टाकली होती. पण त्याच्याकडे स्वतःचा लॅपटॉप नव्हता, होता तो आत्ताच्या कंपनीचा, आणि त्यावर दुसऱ्या कंपनीचा इंटरव्ह्यू कोण देईल. आठ दिवस आधी कळलं म्हणून त्याने मावसभावाचा मागून ठेवला. आदल्या दिवशी कळलं असतं तर मोबाईलवर ड्रॉइंगचे आकडे शोधत बसला असता आणि पॅनेलने लिहिलं असतं, ड्रॉइंग वाचता येत नाही.

त्याच रात्री १ वाजता उत्तर आलं: "३".

## हरवलेला तास

इथपर्यंत मी स्वतःवर खूश होते. उरलेले दोन स्लॉट सोडले, जर्मनीला कळवलं की शुक्रवार पक्का, कॉलची लिंक तुमच्याकडून येऊ दे. सोमवारी ३१ ला तिकडून इन्व्हाइट आलं, चौघांनाही. मी न बघता "अ‍ॅक्सेप्ट" दाबलं.

सोमवारी रात्री कँडिडेटचा मेसेज: "मॅडम मेलमध्ये २:३० आहे, इन्व्हाइटमध्ये १:३० दिसतंय. कुठलं धरू?"

मंगळवारी सकाळी रिक्षात मी तो वाचला आणि उत्तर दिलं, "मेलमधलं." दोन सेकंद लागले मला. इन्व्हाइट उघडून बघायला अजून दहा लागले असते.

शुक्रवारी १:३६ ला क्वालिटी हेडचा फोन, "तुझा माणूस आलाच नाही." मी म्हटलं सर अजून तास आहे, ते म्हणाले माझ्या कॅलेंडरवर दीड आहे, जर्मनीवाले पण बसलेत. मी कॅलेंडर उघडलं तर माझ्याही कॅलेंडरवर दीड.

कँडिडेटला फोन लावला, तो जेवत होता. "पाच मिनिटं द्या मॅडम, शर्ट बदलतो." लॅपटॉप उघडून, चार्जर शोधून तो १:४९ ला आला. जर्मनीतल्या माणसाला २:१५ ला दुसरी मीटिंग होती. म्हणजे ४५ मधली २६ मिनिटं उरली.

झालं होतं काय, तर युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागे. २०२५ मध्ये तो रविवार ३० मार्च होता, आपल्याकडे नेमका गुढीपाडवा. आपली घड्याळं कधीच हलत नाहीत, त्यामुळे हिवाळ्यात जर्मनी आपल्या साडेचार तास मागे असते आणि उन्हाळ्यात साडेतीन. मी २७ मार्चला त्या दिवशीच्या हिशोबाने साडेचार मिळवले, पण इंटरव्ह्यू ४ एप्रिलचा, पाडव्यानंतरचा. त्यांचे सकाळचे १० म्हणजे तोवर आपले १:३० झाले होते. बाकीचे दोन स्लॉटही तासाने चुकलेलेच होते, त्याने कुठलाही निवडला असता तरी हेच. कॅलेंडर सॉफ्टवेअरला हे सगळं माहिती असतं, त्यांनी बर्लिनच्या वेळेने १० टाकले आणि प्रत्येकाला आपापली बरोबर वेळ दिसली. चुकला तो फक्त माझ्या बोटांवरचा हिशोब. अमेरिकेचं अजून वेगळं, तिथे मार्चच्या दुसऱ्याच रविवारी घड्याळ बदलतं, त्यामुळे ज्यांच्या पॅनेलवर दोन्हीकडची माणसं असतात त्यांचे मार्चमधले दोन-तीन आठवडे बघण्यासारखे असतात.

## मग काय केलं

२६ मिनिटांत ड्रॉइंगचा भाग झाला, कंप्लेंटवरची चर्चा अर्धी राहिली. तिथे पुन्हा ठरवायचं होतं. क्वालिटी हेड म्हणाले जेवढं झालं त्यावर ठरवू. मी अडून बसले, कारण त्याची खरी ताकद त्या दुसऱ्या भागात होती. सोमवारी ७ एप्रिलला दुपारी १२:३० ला वीस मिनिटं मिळाली, तेव्हा त्याची सेकंड शिफ्ट होती म्हणजे दुपारपर्यंत मोकळा, आणि जर्मनीत सकाळचे ९. या वेळी मी वेळ सांगितली नाही, आधी इन्व्हाइट पाठवलं आणि त्यात दिसते तीच वेळ मेलमध्ये उतरवली.

दुसरी गोष्ट लहान वाटेल. पॅनेलच्या फॉर्ममध्ये एक रकाना असतो, वेळेवर आला का. जर्मनीतल्या माणसाने प्रामाणिकपणे "१९ मिनिटं उशीर" भरलं होतं. तो फॉर्म पुढे प्लांट हेडकडे जातो, आणि तिथे कुणी विचारत नाही का उशीर झाला. मी दोघांना लेखी मेल टाकला, की उशीर कँडिडेटचा नाही, वेळ मी चुकीची कळवली, त्याने सोमवारीच विचारलं होतं आणि मी न बघता उत्तर दिलं. लिहिताना हात जड झाला होता, खोटं कशाला बोलू. क्वालिटी हेडचं उत्तर आलं, "म्हणजे फरक त्याने पकडला, आपण नाही. क्वालिटीत असाच माणूस पाहिजे." तो रकाना मग त्यांनी दुरुस्त केला.

## निकाल

दुसरा राउंड शुक्रवारी ११ एप्रिलला चाकणला झाला. त्या मेलमध्ये गेटपाससाठी कुठलं ओळखपत्र, कुठल्या गेटवर यायचं, सेफ्टी शूज आम्ही देतो, प्लांटमध्ये मोबाईलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात, हे सगळं होतं, कारण वाळूजहून पहाटे निघून आलेल्या माणसाला गेटवर पाऊण तास थांबवणं मला नको होतं. ऑफर झाली, साठ दिवसांचा नोटीस पिरियड, जूनच्या शेवटी जॉइन झाला. सोमवारी रात्रीच्या त्या मेसेजबद्दल मी त्याला सॉरी म्हटलं तर म्हणाला, "मॅडम मला वाटलं तुम्ही बघूनच सांगितलं असेल."

## वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या मेलबद्दल फार बोलण्यासारखं नाही, तो साचा काढूनच टाकला. रेझ्युमेवर कारखान्याचं नाव दिसलं की आता आधी एक मेसेज जातो, या आणि पुढच्या आठवड्यात शिफ्ट कुठली. त्याच्या उत्तराशिवाय स्लॉट मागायलाच जात नाही.

वेळेच्या बाबतीत मला माझा खरा चुकलेला क्षण २७ मार्चचा वाटत नाही. तो हिशोब कुणाचाही चुकला असता. चुकला तो मंगळवारचा रिक्षातला, कारण तेव्हा पुरावा हातात होता आणि विचारणारा माणूसही समोर होता. कँडिडेटने "दोन वेळा वेगळ्या दिसतायत" म्हटलं की दोन्ही उघडून बघितल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही, आणि रस्त्यात असेन तर "दुपारी सांगते" म्हणायचं.

तीन स्लॉट अडवायची पद्धत मात्र आम्ही ठेवली, पण सगळ्या पोस्टना नाही. ट्रेनीच्या भरतीत एका दिवसात वीस-पंचवीस जण असतात, तिथे प्रत्येकाला तीन वेळा राखणं शक्यच नाही, तिथे एकच वेळ देतो आणि बदलायची सोय ठेवतो.

मेलमध्ये आता स्लॉटच्या खाली एक ओळ असते: "इन्व्हाइटमध्ये वेगळी वेळ दिसली तर लगेच फोन करा, दोन्ही तपासून सांगते." दिवाळीनंतर, २६ ऑक्टोबरच्या रविवारी युरोपातली घड्याळं परत मागे गेली. मंगळवारी २८ ला एक इंटरव्ह्यू होता, जर्मनीचे सकाळचे १०, आणि माझ्या नवीन सहकारिणीने दिवाळीआधीच मेलमध्ये दुपारचे १:३० लिहून टाकले होते. सोमवारी सकाळी त्या कँडिडेटचा फोन आला, इन्व्हाइटवर २:३० का आहे म्हणून. तिने मला हाक मारली, आणि आम्ही दोघींनी आधी कॅलेंडर उघडलं.